पाच फूट आठ इंचांची मी आणि नऊ वार

"घरात पुराचं पाणी शिरलंय का गं?"

आरशासमोर नऊवारी नेसून मी उभी होते आणि माईआत्या पलंगावर बसून माझ्या पायांकडे बघत होत्या. काठ पोटरीच्या मधोमध आला होता. समोरून निऱ्या कशाबशा घोट्यापर्यंत पोहोचत होत्या, पण मागून बघितलं तर अर्ध्या पोटऱ्या उघड्या. चिखलातून चालताना बायका साडी वर खोचतात ना, अगदी तशी मी दिसत होते.

दिराच्या मुलाची मुंज तीन आठवड्यांवर आली होती. घरातल्या सगळ्या बायकांनी नऊवारी नेसायची असं ठरलं, तीही शिवलेली नाही, नेसायची. शिवलेली मी एकदा घालून बघितली होती. कमरेचं आणि उंचीचं माप देऊन ती बेतून मिळते, पायजम्यासारखी चढवली की झालं. पण तिच्या निऱ्या शिवणीत बसलेल्या असतात, त्या कुणाच्याही पोटावर सारख्याच दिसतात. मला ती नको होती. सहावारी मी वीस वर्षं नेसतेय, तेव्हा नऊवारी म्हणजे त्याच साडीला तीन वार जास्त, एवढंच मला वाटत होतं.

माझी उंची पाच फूट आठ इंच. दुकानात गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, नऊ वार म्हणजे नऊ वार. सगळ्यांना पुरते." मी घेऊन आले. रेशमी काठाची, सुती, मोरपंखी. आणि तीच नेसून आता मी पूरग्रस्तासारखी उभी होते.

पहिला विचार आला तो असा, की साडी आखूड पडली, म्हणजे जास्त लांब हवी. दुकानात फोन लावला. दहावारी मिळेल, म्हणाले, उंच बायकांना तीच लागते. पण आधीच्या साडीची घडी मोडलेली, त्यामुळे ती परत घेणार नाहीत. मी पाकीट शोधायला लागले तेव्हा माईआत्यांनी थांबवलं.

"दहा वार घेऊन काय करशील? निऱ्या चार वाढतील. काठ खाली येईल का? पन्हा मोजलास का तू?"

पन्हा. साडीची रुंदी. वीस वर्षं साड्या विकत घेते आहे, पण कधी पन्हा विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नव्हती, आणि ती का पडली नव्हती हे मला त्या दुपारी कळलं.

माईआत्या माझ्या नवऱ्याच्या आत्या. वय शहात्तर, उंची पाच फुटांच्या आत, आणि लग्नानंतर आजपर्यंत नऊवारीशिवाय दुसरं काही नेसलेलं नाही. त्यांना कुणी नेसायला शिकवलं हे त्यांना आठवत नाही. त्यांचे हात सवयीने चालतात, आणि माझी पहिली फजिती त्या सवयीनेच केली होती हे आम्हा दोघींनाही नंतर कळलं.

आधी नेसण्याचा क्रम सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. ब्राह्मणी पद्धतीने आम्ही नेसत होतो. साडी पाठीमागून कमरेला धरायची, दोन्ही टोकं पुढे आणायची. डाव्या बाजूला आखूड टोक, उजव्या बाजूला पदराकडचा लांब भाग. पुढे बेंबीपाशी दोन्ही बाजूंच्या वरच्या काठांची चिमूट धरून घट्ट गाठ मारायची. सहावारीला परकराची नाडी जे काम करते, ते इथे ही एक गाठ करते. परकर नसतोच. मग लांब भाग डावीकडून पाठीमागे फिरवून उजव्या काखेखालून छातीवरून डाव्या खांद्यावर न्यायचा, तो पदर. पुढे गाठीपाशी जे कापड उरतं, त्याच्या निऱ्या काढून कमरेत खोचायच्या. आणि डावीकडचं जे आखूड टोक खाली लोंबत असतं, त्याच्या चुण्या घालून ते दोन्ही पायांमधून मागे न्यायचं आणि पाठीमागे मध्यावर खोचायचं. तो कासोटा.

आता टेप घ्या. मी खरंच घेतली.

मी आधी माझी रोजची सहावारी मोजली. सहा वार म्हणजे २१६ इंच, ब्लाउजपीस धरायचा नाही. परकराभोवती पहिला फेरा ३८ इंच. निऱ्यांनंतरचा दुसरा फेरा ४२. उजव्या कमरेपासून डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडलेला पदर ६४, कारण माझं धड लांब आहे आणि पदर गुडघ्याच्या थोडा खाली आलेला मला आवडतो. एकूण झाले १४४. उरले ७२. एक निरी साधारण सहा इंच रुंद, दुहेरी, म्हणजे बारा इंच कापड खाते. सहा निऱ्या. रोज तेवढ्याच पडतात. गणित जुळलं तेव्हा मला उगाचच आनंद झाला.

बघा, या सगळ्या लांबीत माझ्या उंचीचा संबंध फक्त पदराशी आला. फेरे कमरेच्या आणि नितंबांच्या मापाने लागतात. पायांची लांबी झाकतो तो पन्हा. गाठीच्या जागेपासून जमिनीपर्यंत माझं अंतर ४२ इंच भरतं, आणि बाजारातल्या साध्या साडीचा पन्हा ४५ इंच. तीन इंच परकरात खोचले की काठ जमिनीला टेकतो. परकर दोन बोटं खाली बांधला की आणखी थोडी सूट मिळते. म्हणून मला कधी पन्हा विचारावा लागला नाही. सहावारीत लांबी आडव्या अंगाची आणि पन्हा उभ्या अंगाचा, दोघांचा एकमेकांशी काही व्यवहार नाही.

नऊवारीत मात्र हा व्यवहार सुरू होतो, आणि तो कासोट्यापाशी होतो.

मोरपंखी साडीचा पन्हाही ४५ इंचच होता. म्हणजे हिशोबाने काठ जमिनीला टेकायला हवा होता. मग पोटरीवर का थांबला? मी साडी सोडली आणि डावीकडचं आखूड टोक मोजलं. गाठीपासून शेवटपर्यंत ४० इंच.

"माई, हे टोक एवढं का सोडलंत?"

"एवढंच सोडायचं असतं."

"तुमच्यासाठी का माझ्यासाठी?"

त्या गप्प बसल्या. मग उठल्या, स्वतःच्या अंगावरचं लुगडं चाचपलं आणि हसायला लागल्या. चाळीस इंच त्यांचं माप होतं. पन्नास-पंचावन्न वर्षं हात रोज तेवढंच सोडत आला होता, तो माझ्या कमरेपाशीही तेवढंच सोडून मोकळा झाला.

आता या टोकाचं काम काय ते सांगते, कारण नऊवारीत उंच बाई नेमकी इथे अडकते. हे टोक गाठीपासून खाली जातं, पायांमधून वळतं आणि पाठीमागे कमरेपर्यंत वर चढतं. घट्ट ओढलं तर हे अंतर माझ्या अंगावर ३१ इंच आहे. पण घट्ट ओढलं की कापड लंगोटासारखं वर चढून बसतं आणि मांडीभोवतीचं, पोटरीभोवतीचं सगळं कापड सोबत वर उचलतं. काठ खाली घोट्यावर राहायचा असेल तर या टोकाला झोळ हवा. कापड आधी पायाच्या कडेने खाली उतरलं पाहिजे आणि मग मागे वळून वर चढलं पाहिजे. पाय जितके लांब, तितका तो झोळ खोल. माझ्या ३१ वर माईआत्यांनी ठेवला होता फक्त नऊ इंचांचा झोळ. त्यांच्या पायांना तेवढा पुरतो. माझे पाय त्यांच्यापेक्षा सहा इंच लांब, आणि झोळ खाली जाऊन पुन्हा वर येतो, म्हणजे सहाचे बारा धरायला हवे होते.

आम्ही टोक ५२ इंच सोडून पुन्हा नेसलो.

या वेळी कासोटा खोचताना माईआत्यांनी मला पाय हातभर फाकवून आणि गुडघे जरासे वाकवून उभं राहायला लावलं. सरळ ताठ उभं राहून कासोटा खोचला की आरशात सुरेख दिसतो आणि पहिल्याच जिन्यावर मागून सुटतो, हे त्यांनी मला हातवारे करून दाखवलं, त्यांच्या एका भाचीचं काय झालं होतं त्यासकट. ती हकिकत इथे लिहिण्यासारखी नाही.

फरक लगेच दिसला. काठ पोटरीवरून उतरून घोट्याच्या वर तीन-चार इंचांवर आला. निऱ्या मात्र कमी झाल्या. आधी साडेअकरा पडत होत्या, आता दहा आणि थोडं कापड. टोकाने बारा इंच घेतले, म्हणजे एक निरी गेली. नऊ वारांचे ३२४ इंच होतात: टोक ५२, गाठीसकट मागचा फेरा ३८, दुसरा फेरा ४२, पदर ६४. झाले १९६. उरले १२८. तेवढ्या दहा निऱ्या पोटावर भरपूर होतात, त्यामुळे माझ्यासाठी लांबी कमी नव्हतीच. दहावारी घेतली असती तर तीन निऱ्या वाढल्या असत्या आणि पोट पुढे आलं असतं, बाकी काही नाही. बांधा माझ्यापेक्षा रुंद असता तर गोष्ट वेगळी. फेऱ्यांमध्ये दहा-दहा इंच जास्त गेले असते, निऱ्या नऊवर आल्या असत्या, आणि मग उंच-रुंद बाईला दहा वारांचा खरंच उपयोग झाला असता.

लांबीच्या बाबतीत आणखी एक खाच आहे, ती नंतर मैत्रिणीसाठी खरेदी करताना कळली. एका दुकानात नऊवारी म्हणून दाखवली ती साडेआठ मीटर होती, पण त्यात ८० सेंटिमीटर ब्लाउजपीस धरलेला. तो कापला की नेसायला उरतात ७.७ मीटर. खरे नऊ वार ८.२३ मीटर होतात. अर्धा मीटर कमी, म्हणजे जवळजवळ दोन निऱ्या गेल्या. जुन्या लुगड्यांना ब्लाउजपीस जोडून येत नसे, चोळीचा खण वेगळा घेत. त्यामुळे मोजताना ब्लाउज सोडून मोजा, नाहीतर दुकानात कापून घ्यायच्या आधी एकदा नेसून बघा.

पण माझे तीन-चार इंच अजून उरले होते. समोरून ठीक, मागून टाचेकडे काठ वर उचललेला. टोक आणखी लांब सोडून बघितलं, साठ इंच. तर झोळ खाली आला पण काठ आला नाही. पायांमध्ये पिशवीसारखा घोळ लोंबायला लागला आणि चालताना गुडघ्यांना आपटायला लागला. इथे लांबीचं काम संपलं होतं. कापड उभ्यातच कमी होतं. सहावारीत काठ सरळ खाली लोंबतो, त्याला गाठीपासून जमिनीपर्यंतचंच अंतर कापायचं असतं. नऊवारीत तोच काठ मागे तिरका जातो, पायाला वळसा घालतो, आणि त्या तिरकेपणात तीन-चार इंच उंची हरवते. म्हणजे सहावारीत मला ४५ इंचांचा पन्हा नेमका पुरतो, तर नऊवारीत ४८-४९ हवा.

माईआत्या आतल्या खोलीत गेल्या आणि एक जुनं इरकल घेऊन आल्या. गडद जांभळं, लाल टोपपदरावर पांढऱ्या पट्ट्या. त्यांच्या थोरल्या वहिनींचं.

"वहिनी तुझ्याएवढ्याच होत्या. घरात शिरताना चौकटीला वाकायच्या."

पन्हा मोजला. ४९ इंच भरला. मला ती सासरची कधी न पाहिलेली बाई एकदम जवळची वाटली. दुकानदाराकडे पन्हा मागून घेणारी कुणीतरी माझ्याआधी या घरात होऊन गेली होती.

इरकलाने आणखी एक गोष्ट शिकवली. सुती कापड अंगावर धरून बसतं. गाठ, निऱ्या, कासोटा, सगळं जिथे खोचलं तिथे राहतं. निव्वळ रेशमी साडीत तेच सगळं हळूहळू घसरतं, आणि उंच बाईच्या अंगावर ते जास्त कळतं, कारण दोन इंच घसरलं की काठ पायाखाली येतो. रेशमी नेसायची असेल तर गाठ आधी आतल्या सुती पट्ट्यावर बसवावी. माईआत्या कमरेला जुन्या मऊ धोतराची चार बोटं रुंद पट्टी बांधतात आणि त्यावर गाठ मारतात. परकर नसल्यामुळे गाठीला धरायला काहीतरी खरखरीत लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

इरकल नेसताना गाठ बेंबीच्या दोन बोटं खाली मारली. दीड इंच मिळाला. त्याहून खाली जायचं नाही, कारण गाठ कमरेच्या बारीक भागावरून उतरून नितंबांवर आली की ती चालताना सैल पडते. सहावारीत परकर आणखी खाली बांधून मी बरेचदा उंचीची चोरी करते. इथे ती चालत नाही.

टोक ५२, गाठ दोन बोटं खाली, पन्हा ४९. काठ घोट्याच्या हाडावर आला, पुढे आणि मागे सारखा. माईआत्यांनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि काही बोलल्या नाहीत. म्हणजे पास.

आता मोरपंखी साडीचं काय करायचं? घडी मोडलेली, परत जाणार नाही. ती धाकट्या नणंदेने उचलली.

नणंद चार फूट अकरा इंच. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो की फोटो काढणारा वैतागतो. तिची अडचण माझ्या बरोब्बर उलटी निघाली, आणि तीच साडी दोघींच्या अंगावर बघायला मिळाली म्हणून गोष्ट पक्की डोक्यात बसली.

तिचं गाठीपासून जमिनीपर्यंतचं अंतर ३६ इंच. पन्हा ४५. तीन इंच खोचायला गेले तरी सहा इंच काठ जमिनीवर लोळणार. सहावारीत ती काय करते? हे सहा इंच परकरात आत कोंबते. परकराची नाडी सगळं पोटात घेते, वरून दिसत नाही. नऊवारीत परकर नाही, त्यामुळे कोंबायला जागाच नाही. तिने पहिल्यांदा तसंच नेसून कासोटा घट्ट ओढला. काठ वर आला, पण मागे कापडाचा एवढा मोठा गोळा झाला की ती बसली तेव्हा उशीवर बसल्यासारखी वर उचलली गेली.

माईआत्यांचा उपाय साधा होता. गाठ मारण्याआधीच साडीचा वरचा काठ सहा इंच आतल्या बाजूला दुमडायचा, टोकापासून निऱ्या संपेपर्यंत सलग. ही दुमड कमरेभोवती दुहेरी पट्ट्यासारखी बसते, आणि गाठही दुहेरी कापडाची होते म्हणून जास्त घट्ट राहते. निऱ्या खोचून झाल्या आणि कापड पदराकडे वळलं की दुमड सोडून द्यायची, नाहीतर छातीवर पदर अर्धाच पसरतो. सोडायची जागा डाव्या कमरेवर असते. तिथे एक पिन लावली की दुमड परत उलगडत नाही.

मग लांबी. तिचं टोक ४१ इंच, मागचा फेरा ३३, दुसरा ३७, पदर ५४. एकूण १६५. उरले १५९ इंच, म्हणजे तेरा निऱ्या. चार फूट अकरा इंचांच्या, बारीक कमरेच्या मुलीच्या पोटावर तेरा निऱ्या म्हणजे समोर एक तक्क्या. तिने निऱ्या रुंद करून बघितल्या, आठ-आठ इंचांच्या. संख्या दहावर आली, पण त्या तिच्या अंगावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत पसरल्या आणि ती आडवी दिसायला लागली.

शेवटी जास्तीचं कापड पदराकडे सरकवलं. दोन निऱ्या काढून टाकल्या, पदर दोन फुटांनी वाढला. तो डाव्या खांद्यावरून पाठीवर सोडला असता तर घोट्याला लागला असता आणि त्याची नक्षी जमिनीजवळ गेली असती. म्हणून तो पाठीवरून घेऊन उजव्या खांद्यावरून पुढे आणला आणि टोक डाव्या कमरेला खोचलं. नक्षी समोर आली. निऱ्या अकरा राहिल्या. आणि जुन्या बायका पदर दोन्ही खांद्यांवरून का घ्यायच्या, त्याचं एक कारण मला तेव्हा सुचलं: लाज-मर्यादेच्या गोष्टी असतीलच, पण कापड कुठेतरी संपवायचंही असणार. माईआत्यांना हे सांगितलं तर त्यांनी मला उडवून लावलं.

मुंजीच्या आधी आम्ही दोघी रोज संध्याकाळी नेसून घरात वावरायचो. उभं राहून सगळं बरोबर दिसतं, म्हणून माईआत्यांनी तीन परीक्षा ठेवल्या होत्या. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे. उकिडवं बसून खालची वस्तू उचलणे. आणि जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढणे. मांडी घालताना मांडीवर ताण आला, तर टोक आखूड. उकिडवं बसल्यावर मागचा कासोटा खोचणीतून अर्ध्यावर बाहेर आला, तर चुण्या कमरेत पुरेशा खोल गेलेल्या नाहीत, निदान चार बोटं आत हव्यात. पायरी चढताना पाय काठात अडकला, तर झोळ जास्त. मी पहिल्या दिवशी तिसऱ्या परीक्षेत नापास झाले, टोक ५५ सोडलं होतं. तीन इंच कमी केले आणि सुटले.

चौथी परीक्षा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बाथरूम. परकर असतो तेव्हा सगळं वर उचललं की झालं. कासोटा असतो तेव्हा तसं होत नाही. मागचा कासोटा सोडायचा, टोक पुढे घेऊन गुंडाळून काखेत धरायचं, काम झाल्यावर पुन्हा मागे नेऊन खोचायचं. आरसा नसतो, हात ओले असतात. चुण्यांना आधीच एक मोठी पिन लावून ठेवली तर त्या विस्कटत नाहीत, पुन्हा जशाच्या तशा खोचता येतात. ही युक्ती नणंदेची. माईआत्यांना पिन मान्य नाही, पण त्यांना तसा आरसाही लागत नाही.

फॉल लावायचा का, हा प्रश्न मी फॉलवालीला विचारला होता. सहावारीला मी नेहमी लावते, निऱ्यांचा काठ जड होऊन नीट पडतो. तिने उलट विचारलं, "लावू कुठे? निऱ्यांना की टोकाला?" कासोट्याच्या चुण्या काठापासून सुरू होतात, तिथे फॉलचा जाड पट्टा आला की चुण्या बारीक होत नाहीत. लावला नाही. जुन्या इरकलाचा काठ मुळातच घट्ट विणलेला होता, त्याला गरजही नव्हती.

मुंजीच्या दिवशी सकाळी पाच वाजता माईआत्यांनी मला नेसवायला घेतलं. हात डावीकडे गेला, सवयीने चाळीस इंचांवर थांबला. मी काही बोलायच्या आत त्यांनीच मान हलवली, आणखी एक वीत आणि चार बोटं मोजली आणि मग गाठ मारली.

मातृभोजनाच्या वेळी पाटावर बसायची वेळ आली. मांडी घातली, ताण आला नाही. उठताना एकदाच निऱ्या जराशा खाली सरकल्या, त्या मी उभ्या उभ्या वर खोचल्या. नणंदेची दुमड डाव्या कमरेवर उलगडायला लागली होती, तिथली पिन निघून गेली होती. मी माझ्या पदराची काढून तिला लावली. मग माझा पदर दिवसभर घसरत राहिला, तो भाग वेगळा.

संध्याकाळी इरकल घडी करून ठेवताना मी एका कागदावर लिहिलं: पन्हा ४९, टोक ५२, गाठ बेंबीखाली दोन बोटं, निऱ्या १०. तो कागद घडीत ठेवला. मोरपंखी साडीत नणंदेने तिचा ठेवला: दुमड ६, टोक ४१, निऱ्या ११, पदर दोन्ही खांद्यांवरून. माझी पुतणी चौदा वर्षांची आहे आणि आत्ताच पाच फूट पाच इंच झाली आहे. तिने दोन्ही कागद वाचले आणि विचारलं, मग माझं टोक किती? मी टेप शोधायला गेले.